तुम्ही विचारलंत म्हणून: अलार्म लावण्याआधी मी इतकं का विचारते

«ताई, डॉक्टरांच्या कागदाचा स्क्रीनशॉट पाठवलाय, नुसते अलार्म लावून द्यायचे होते. त्यावर एवढे प्रश्न कशाला? दिसतंय तसं टाका ना!»

दिसतंय तसंच टाकते हो. जे दिसत नाही ते मनाने टाकत नाही, एवढंच. मेडिकलच्या काउंटरवर बरीच वर्षं काढल्यामुळे बहुतेक अक्षर मला लागतं. म्हणूनच तुम्ही माझ्याकडे पाठवता. पण अक्षर लागणं वेगळं आणि «हे अमुकच असणार» असं ओळखणं वेगळं. ओळखण्यात मीही तरबेज आहे, आणि भीती वाटते ती त्याचीच.

मावशीचं तुम्हाला अर्धवट माहीत आहे. दवाखान्यात भेटायला सगळे आलात, पण नक्की काय घडलं ते आम्ही कुणाला नीट सांगितलं नाही, कारण मावसभावाला तोंड लपवायची वेळ आली असती. आता तोच म्हणतो, सांग. म्हणून सांगते.

मावशीला संधिवात, सांधे सुजवणारा. तपासणीनंतर डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी छापील तक्ता दिला, त्यावर डॉक्टरांनी पेनाने थोडी भर घातली. मावशीने त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर मुलाला पाठवला. तो बाहेरगावी. त्याने अक्षर दिसावं म्हणून फोटो बोटांनी मोठा केला आणि मोठा केलेल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. रात्रीच्या औषधांपुरतं त्याच्याकडे जे उरलं ते असं:

```
Tab Methotrexate 7.5 mg   0-0-1
Tab Folic acid 5 mg       0-0-1  ex 5un
Tab HCQ 200 mg            0-0-1
```

तिन्हींपुढे ०-०-१. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक. त्याने रात्री नऊचा एकच अलार्म लावला, नाव दिलं «रात्रीच्या तीन गोळ्या», आणि रोज वाजेल असा ठेवला. मावशी शिस्तीची. अलार्म वाजला की तीन गोळ्या, वर पाणी.

मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ठरलेल्या एकाच वारी. ती पेशींची वाढ रोखते. मोठ्या मात्रेत हेच औषध कॅन्सरलाही वापरतात. आठवड्याची मात्रा रोज पोटात गेली तर आधी तोंडाच्या आतली त्वचा सोलवटते, मग रक्तातल्या पेशी घसरायला लागतात, कारण भराभर नव्या होणाऱ्या पेशींनाच ती आधी धरते. ०-०-१ या खुणेतून दिवसातली वेळ कळते. आठवड्यातले किती दिवस, हे कळायला त्या खुणेत जागाच नसते. ते उजवीकडच्या रकान्यात छापलं होतं: आठवड्यातून एकदा, रविवारी. त्यापुढच्या रकान्यात गोळ्यांची संख्या होती, ४. फोटो मोठा करताना हे दोन्ही रकाने पडद्याबाहेर गेले.

मावशीच्या तोंडात फोड आले तेव्हा उष्णता झाली म्हणून तिने गुलकंद खाल्ला. मग पाणी गिळवेना. ताप चढला तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून नेलं. पांढऱ्या पेशी फार खाली आल्या होत्या. मेथोट्रेक्सेट बंद केलं, फोलिनिक अॅसिडची इंजेक्शनं सुरू झाली. हे आपल्या साध्या फोलिक अॅसिडच्या गोळीपेक्षा वेगळं. मेथोट्रेक्सेटचा मार पेशींवर बसला की त्यावर हेच देतात. मावशी बरी झाली. चव परत यायला मात्र वेळ लागला, आणि अजूनही तिखट खाताना ती आधी जिभेचं टोक लावून बघते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भावाने मला तो स्क्रीनशॉट दाखवला. «यात कुठे लिहिलंय आठवड्यातून एकदा? तूच सांग.» खरंच लिहिलेलं नव्हतं. पण मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. हे `ex 5un` काय आहे? तो म्हणाला, «काहीतरी आहे. लागलं नाही. पण ते फोलिक अॅसिड ना, व्हिटॅमिन. रोज घेतलं तरी काय बिघडतंय?»

ते `ex Sun` होतं. रविवार सोडून. बरेच डॉक्टर मेथोट्रेक्सेटच्या दिवशी फोलिक अॅसिड देत नाहीत, बाकीच्या दिवशी देतात. म्हणजे त्या दोन शब्दांचा खरा अर्थ वरच्या ओळीसाठी होता: रविवारी काहीतरी वेगळं आहे. त्याने दवाखान्यात फोन करून «फोलिक अॅसिडपुढे काय लिहिलंय» एवढंच विचारलं असतं, तरी मदतनीस बाई म्हणाल्या असत्या, «रविवार सोडून, रविवारी ती दुसरी गोळी असते ना.» न लागलेला शब्द निरुपद्रवी औषधापुढे होता, म्हणून त्याने तो सोडून दिला. घातक ओळ मात्र स्वच्छ, छापील आणि वाचता येणारी होती. मी तुम्हाला कॅल्शियमच्या गोळीपुढच्या फराट्याबद्दलही विचारते, ते यासाठी.

त्याला दोष देऊ नका. मलाही तो स्क्रीनशॉट आला असता, तर मेथोट्रेक्सेट हे नाव ओळखीचं म्हणून मी थांबले असते. हे ज्ञान नशिबाचं झालं. नाव अनोळखी असतं तर? म्हणून मी आता नावावर भिस्त ठेवत नाही. पहिलं म्हणजे स्क्रीनशॉट बाजूला ठेवायला सांगते आणि मूळ कागद चारही कडा दिसतील असा पुन्हा फोटो काढून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावते. साधा फोटो व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं, आणि त्यात सगळ्यात आधी टिंब जातं. २.५ आणि २५ यांच्यात तेवढंच तर असतं. तुम्ही वैतागता ते मला कळतं. पण «पुन्हा पाठवा» म्हटल्यावर निम्म्या वेळा तुम्हालाच कडेचा एखादा रकाना नव्याने दिसतो, हेही खरं ना?

मग गोळ्या मोजायला सांगते. अलार्मप्रमाणे महिन्याला किती लागतील आणि कागदावर किती लिहिल्यात, हे जुळलं पाहिजे. मावशीच्या कागदावर ४ होत्या. दुकानदाराने पट्टी कापून न देता अख्खी दहाची दिली, आणि तिथे ही शेवटची खूणही पुसली गेली. चारच मिळाल्या असत्या तर पाचव्या दिवशी गोळी संपली म्हणून कुणीतरी विचारलं असतं.

अलार्म घड्याळात लावत नाही, कॅलेंडरमध्ये लावते. घड्याळातल्या अलार्मला शेवटची तारीख नसते. पाच दिवसांचं अँटिबायोटिक संपलं तरी तो वाजतच राहतो, आणि वाजणारा अलार्म बिनकामाचा म्हणून बंद करायची सवय लागली की खरा अलार्मही त्याच अंगठ्याने बंद होतो. कॅलेंडरमध्ये किती वेळा वाजायचं ते सांगता येतं. १-०-१ पाच दिवस असेल आणि औषध संध्याकाळी आणलं असेल, तर रात्रीची नोंद आजपासून ५ वेळा, सकाळची उद्यापासून ५ वेळा. मात्रा दहा पूर्ण होतात, शेवटची सहाव्या दिवशी सकाळी. पाच दिवसांनी थांबव असं सांगितलं असतं तर शेवटची एक राहिली असती. SOS लिहिलेल्याला, म्हणजे दुखलं तरच घ्यायच्या गोळीला, अलार्म लावतच नाही. तो वाजला की न दुखताही गोळी घेतली जाते.

मावशीचा आताचा रविवार असा आहे, दर आठवड्याला फक्त त्याच वारी वाजणारा:

```
रवि रात्री ९: Methotrexate 7.5 mg, 1 गोळी. फक्त आज.
आज Folic acid नाही.
```

आणि शंकेचं म्हणाल, तर न लागलेला शब्द मी दिसतो तसाच लिहिते, पुढे प्रश्नचिन्ह टाकते आणि फोटोतल्या त्या जागेभोवती लाल गोल करून तुम्हाला परत पाठवते. दवाखान्यात विचारताना «हे रोज आहे ना?» असं विचारू नका, ही माझी विनवणी त्यासाठीच. गर्दीच्या वेळी पलीकडून «हो हो» येतं. «इथे काय लिहिलंय, वाचून सांगा» असं विचारलं की त्यांना कागद उघडावा लागतो.

आता तुमची बाजू. सुरुवातीला मी प्रत्येक फराट्यावर गोल करायचे. एका काकांच्या कागदावर इतके गोल झाले की त्यांनी एकही विचारला नाही. म्हणाले, ताईला काहीच वाचता येत नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हा मला वाटायचं की शंका जितक्या जास्त तितकी काळजी जास्त. आता गोल कमी करते: औषधाचं नाव, किती, केव्हा, किती दिवस, यातलं काही न लागलं तरच. सही आणि निदानाचे शब्द सोडून देते. पण मग वाटतं, `ex 5un` या गाळणीतून सुटलं असतं का? नसतं, ते «केव्हा» मध्ये येतं. पुढचा शब्द कशात येईल ते मात्र आज सांगता येत नाही.

दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. शंका आहे म्हणून अलार्म लावला नाही, तर औषधच चुकतं. रक्तदाबाची किंवा फिटची गोळी दोन दिवस चुकवणं हे काही सुरक्षित नव्हे, आणि «ताईने लावलाच नाही» हे कारण रक्तदाबाला कळत नाही. त्यावर मी काढलेली तोड अशी: शंकेच्या ओळीला गोळीचा अलार्म नाही, पण त्याच दिवशी दवाखाना उघडायच्या वेळेला «फोन करून विचारा» असा अलार्म, आणि तो विचारून होईपर्यंत रोज. नणंदेच्या फोनवर असा एक परवापासून वाजतोय. तिने तो दोनदा बंद केला, फोन अजून केलेला नाही, आणि काल मला म्हणाली, «तूच काहीतरी समजून घे ना.» मी नाही म्हटलं. आज सकाळी पुन्हा वाजला असेल. ती गोळी थायरॉईडची आहे, उपाशीपोटी घ्यायची आहे, हे मला जवळजवळ नक्की माहीत आहे. पण २५ की ७५, हे त्या फोटोत लागत नाही.