सियागंजातून परत आलेलं पाकीट

पुण्याच्या एका किराणा साखळीला आमचं मेतकूट आणि भाजणी हवी होती. करार कुरियरनं पाठवला म्हणाले. आठ दिवस वाट पाहून मी फोन केला, तर पाकीट त्यांच्याकडेच परत गेलेलं. त्यांनी फोटो पाठवला. पत्ता इंदूरच्या सियागंजातल्या आमच्या जुन्या गाळ्याचा होता आणि वर पेनानं लिहिलं होतं, ‘दुकान बंद’. त्या गाळ्यात आता प्लास्टिकच्या पिशव्यांचा ठोक व्यापार चालतो. आम्ही जून 2023 मध्येच सांवेर रोडवर आलो.

पत्ता त्यांनी कंपन्यांची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटवरून घेतला होता. त्याच पानावर संचालक म्हणून माझ्या दिरांचं नाव होतं. “करारावर सही तुम्ही करणार, मग हे कोण?” असं त्यांच्या अकाउंट्सवाल्या मुलीनं विचारलं. भाऊजींनी 2022 मध्येच कंपनी सोडली होती.

त्याच रात्री मी वेबसाइटला मेल केला. तुमची माहिती चुकीची आहे, आमचं नुकसान होतंय, ताबडतोब बदला, नाहीतर कायदेशीर कारवाई करू. सोबत माझं आधार कार्ड जोडलं. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: आमची माहिती कंपनी मंत्रालयाच्या नोंदीतून येते, तिथे दुरुस्त करून घ्या.

राग आला, पण त्या उत्तरामुळेच मी मूळ नोंद उघडून पाहिली. `mca.gov.in` वर लॉगिन करून ‘मास्टर डेटा’मध्ये आपला सीआयएन टाकला की कंपनीची नोंद दिसते. सीआयएन म्हणजे कंपनीचा 21 अक्षरांचा नंबर. आमच्या नंबरात मधे MP आहे. इंदूरमधल्या इंदूरमध्ये पत्ता बदलला तरी तो बदलत नाही, त्यामुळे शोधायला अडचण आली नाही.

तिथे पत्ता बरोबर होता, सांवेर रोडचाच. जागा बदलल्यावर 30 दिवसांच्या आत INC-22 हा फॉर्म भरावा लागतो, तो आम्ही वेळेत भरला होता. म्हणजे वेबसाइटकडची प्रत जुनी होती. हे आणखी एका गोष्टीवरून कळलं. त्यांच्या पानावर शेवटचा ताळेबंद 31 मार्च 2022 चा दाखवला होता आणि मंत्रालयाच्या नोंदीत 31 मार्च 2023 चा. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की प्रत कधीची आहे याचा अंदाज येतो. आता असं काही निघालं की मी आधी ताळेबंदाची तारीखच बघते.

संचालकांच्या यादीत मात्र माझं नाव, ह्यांचं नाव आणि तिसरं भाऊजींचं! म्हणजे नावाच्या बाबतीत वेबसाइटनं काहीच चुकवलं नव्हतं. भाऊजींनी राजीनामा दिला, मीटिंगच्या वहीत नोंद झाली, घरात पेढे-चहा झाला आणि ते पुण्याला गेले. पण संचालक कमी झाल्याचं कळवणारा DIR-12 हा फॉर्म भरलाच गेला नव्हता. तेव्हा काम बघणाऱ्यांना वाटलं मी भरला, मला वाटलं त्यांनी भरला.

कंपनी सेक्रेटरीकडे, म्हणजे आमच्या सीएसताईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, राजीनाम्याचं पत्र आहे का?” मी म्हटलं, नसेल तर भाऊजींकडून आज नवीन लिहून घेते. त्यांनी हातानंच थांबवलं. “जुनी तारीख घालून नवं पत्र अजिबात नको. त्या वेळचं शोधा.” कायद्याप्रमाणे राजीनामा लागू होतो तो पत्र कंपनीला मिळालं त्या दिवसापासून किंवा पत्रात लिहिलेल्या तारखेपासून, यांतली जी नंतरची असेल ती. फॉर्म आज भरला तरी तारीख तीच राहते. वीजबिलांच्या फाइलमध्ये ते सापडलं: 31 मार्च 2022, भाऊजींच्या तिरक्या अक्षरात, खाली माझी ‘मिळाले’ अशी सही. ती एक सही फार उपयोगी पडली.

फॉर्मला उशीर 180 दिवसांपेक्षा जास्त झाला होता, त्यामुळे नेहमीच्या फीवर बारापट जादा फी. आमचं अधिकृत भांडवल 10 लाख, त्याला नेहमीची फी 400 रुपये. 4800 जादा धरून 5200 भरले. उशिराबद्दल दंडाची कारवाई वेगळी होऊ शकते, फी भरली म्हणजे ती शक्यता संपत नाही, हेही ताईंनी स्पष्ट सांगितलं. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. आम्ही दोघं होतो म्हणून भाऊजींचं नाव निघायला अडचण नव्हती.

काही दिवसांनी मास्टर डेटामध्ये दोनच नावं दिसली, आणि मग मी दुसरा मेल लिहायला बसले. कायदेशीर कारवाईचं वाक्य काढलं. ताईंनी समजावलं होतं की 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, जी माहिती कायद्यानंच जाहीर करावी लागते ती वगळली आहे. संचालकांची नावं त्यात येतात. म्हणून ‘आमचं नाव काढा’ असा हट्ट टिकला नसता. बरोबर माहिती दाखवा, एवढंच मागायचं. आधार कार्डही काढलं. पत्ता आणि संचालक यांची खात्री आधारवरून होतच नाही, आणि अनोळखी माणसाकडे ते पाठवलं याची मला अजून रुखरुख आहे.

मेल इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

“विषय: पत्ता व संचालकाची नोंद दुरुस्त करण्याबाबत, सीआयएन अमुक. तुमच्या या पानावर (लिंक) नोंदणीकृत पत्ता सियागंज, इंदूर असा आहे. मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे तो सांवेर रोड, इंदूर असा हवा. INC-22 चा एसआरएन अमुक. चालू संचालकांत तीन नावं आहेत. त्यांपैकी तिसऱ्या व्यक्तीचं संचालकपद 31 मार्च 2022 रोजी संपलं. DIR-12 चा एसआरएन अमुक. आजच्या मास्टर डेटाचं पान जोडलं आहे. दुरुस्ती झाल्यावर कळवावं.”

एसआरएन म्हणजे फॉर्म भरल्यावर मिळणारा पावतीचा नंबर. मेल माझ्या स्वतःच्या आयडीवरून न पाठवता मंत्रालयाकडे नोंदवलेल्या कंपनीच्या आयडीवरून पाठवला, म्हणजे विचारणारी कोण हा प्रश्नच उरला नाही. मास्टर डेटाच्या पानावर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला.

नवव्या दिवशी उत्तर आलं. पत्ता बदलला होता. भाऊजींचं नाव गेलं नव्हतं, ते ‘माजी संचालक’ म्हणून शेवटच्या तारखेसह खाली सरकलं होतं. ह्यांना ते खटकलं, पुन्हा लिही म्हणाले. मी नाही लिहिलं. भाऊजी सहा वर्षं संचालक होते, गोडा मसाल्याचं पहिलं भांडं त्यांनीच आणलं. ती नोंद खरी आहे.

गूगलवर शोधलं की मात्र तिथल्या दोन ओळींत सियागंजच दिसत होतं. पान बदललं तरी शोधाच्या निकालात जुना मजकूर काही काळ राहतो. त्यासाठी गूगलचं `Refresh Outdated Content` नावाचं पान आहे; तिथे लिंक आणि पानावरून गेलेला एक शब्द द्यायचा. मी ‘सियागंज’ दिला, इंग्रजी अक्षरांत, पानावर होता तसाच. काही दिवसांत तेही बदललं.

मग पुण्याच्या त्या मुलीला पानाची लिंक आणि मास्टर डेटाचा स्क्रीनशॉट पाठवला. नवं पाकीट गुरुवारी दुपारी सांवेर रोडला पोहोचलं, भाजणी भाजायचं काम चालू असतानाच. हात धुऊन सही केली आणि त्याच कुरियरवाल्याच्या हाती परत दिलं.