क्रमाने लावलेल्या चाळीस हजार खेपा

आमचे कार्यालय कोल्हापुरात राजारामपुरीत आहे आणि आमचे बरेचसे काम साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावरील नोंदींचे असते. गळीत हंगाम संपत आला, की प्रत्येक कारखान्याला खेपांच्या वजनाचा अहवाल हवा असतो. त्यात सरासरीपेक्षा मध्यकाला अधिक महत्त्व असते, कारण बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक यांची वजने एकत्र केली, की सरासरी कोणत्याच वाहनाची राहत नाही. हा मध्यक काढण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी पायथनमध्ये क्विकसिलेक्ट लिहिले होते आणि तीन हंगाम त्याने कधी तक्रारीला जागा दिली नव्हती.

त्या दिवशी सकाळी एका कारखान्याच्या शेती विभागातून फोन आला. "सर, चाक नुसतं फिरतंय बघा, आणि शेवटी 504 येतंय." आमचा सर्व्हर साठ सेकंद वाट पाहून जोडणी तोडतो, त्यामुळे 504 चा अर्थ एवढाच होता, की हिशेब एका मिनिटात संपला नाही. खेपा चाळीस हजार होत्या. एवढ्या आकड्यांसाठी मिनिटभर लागणे मला पटेना, म्हणून पहिला संशय मी डेटाबेसवर घेतला. तो चुकीचा निघाला, कारण सर्व नोंदी सेकंदाच्या आत हातात येत होत्या. वेळ खात होते ते माझेच फंक्शन.

अहवालात तीन आकडे होते: दहावे शतमान, मध्यक आणि नव्वदावे शतमान. मी तिन्हींना वेगवेगळी वेळ लावून पाहिली, तेव्हा नव्वदाव्याला सुमारे 19 सेकंद, मध्यकाला 75 आणि दहाव्याला 99 सेकंद लागले. या असमानतेने माझे लक्ष वेधले. मिसळलेल्या आकड्यांवर टोकाकडचे दोन्ही आकडे साधारण सारख्याच वेळात मिळायला हवेत, आणि मध्यकाला त्यांच्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागायला हवा. येथे मात्र मोठा आकडा स्वस्त आणि लहान आकडा महाग पडत होता. मग निम्म्याच, म्हणजे वीस हजार खेपा घेऊन मध्यक काढला, तर वेळ निम्मी होण्याऐवजी चौथाईवर आली. वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या कामाची ही खूण असते. विभागणी करणारा भाग असा होता:

```python
def partition(a, lo, hi):
    p = a[hi]
    i = lo
    for j in range(lo, hi):
        if a[j] <= p:
            a[i], a[j] = a[j], a[i]
            i += 1
    a[i], a[hi] = a[hi], a[i]
    return i
```

पट्ट्यातला शेवटचा आकडा पिव्हट म्हणून घ्यायचा, त्याच्याइतके किंवा त्याहून लहान असलेले आकडे डावीकडे जमवत जायचे आणि शेवटी पिव्हट त्यांच्या लगेच उजवीकडे ठेवायचा. आता पिव्हट आपल्या अंतिम जागी बसलेला असतो. आपल्याला हवा असलेला क्रमांक त्याच्या डावीकडे असेल तर उजवा भाग सोडून द्यायचा आणि उजवीकडे असेल तर डावा. एकच बाजू पुढे न्यायची असल्यामुळे पूर्ण क्रम लावण्यापेक्षा काम कमी होते, परंतु ही बचत सर्वस्वी सोडून दिलेला भाग किती मोठा आहे यावर अवलंबून असते.

सात खेपा घेऊन पाहू. टनांमधील वजने 15, 11, 14, 17, 12, 16, 13 अशी आली आहेत आणि आपल्याला मधला, म्हणजे शून्यापासून मोजता 3 क्रमांकाचा आकडा हवा आहे. पिव्हट 13 शी सहा तुलना झाल्यावर पट्टा 11, 12, 13, 17, 15, 16, 14 असा होतो आणि 13 हा 2 क्रमांकावर बसतो. उरलेल्या चारांत पिव्हट 14, त्याच्याशी तीन तुलना, आणि तो नेमका 3 क्रमांकावर येतो. नऊ तुलनांत उत्तर मिळाले. हीच वजने 11 ते 17 अशी चढत्या क्रमाने आली, तर पिव्हट 17, बाकी सगळे त्याहून लहान, सहा तुलना करून कोणीही जागचे हलत नाही आणि सुटतो तो फक्त 17. पुढे 16 साठी पाच, 15 साठी चार, 14 साठी तीन, अशा अठरा तुलना होतात. प्रत्येक फेरीत पट्टा एकाच आकड्याने आखडतो.

चाळीस हजारांवर हेच झाले, तर मध्यकापर्यंत पोहोचायला वीस हजार फेऱ्या आणि सुमारे 60 कोटी तुलना लागतात, तर मिसळलेल्या आकड्यांवर सरासरी एक लाख छत्तीस हजारांच्या आसपास पुरतात. नव्वदावे शतमान स्वस्त का पडत होते, हेही येथेच उलगडले. पट्टा वरच्या टोकाकडून सोलला जात होता, म्हणून वरचा आकडा लवकर हाती येत होता. खात्रीसाठी प्रत्येक फेरीत `lo` आणि `hi` छापून पाहिले. `lo` शून्यावरच होता आणि `hi` 39999, 39998, 39997 असा उतरत होता.

नोंदी क्रमाने लागल्या कशा, हे विचारल्यावर आमचा तरुण सहकारी जरा ओशाळला. शेती अधिकाऱ्यांना पडद्यावरची यादी वजनाच्या क्रमाने हवी होती, म्हणून त्याने आदल्या दिवशी क्वेरीला `ORDER BY net_wt` जोडले होते आणि तीच यादी माझ्या फंक्शनकडे जात होती. त्याचे काहीच चुकले नव्हते. तीन वर्षे वाहने काट्यावर जशी येतील तशा नोंदी येत होत्या, आणि त्या आपोआप मिसळलेल्या असतात यावर मी नकळत विसंबलो होतो. "सर, मग सरळ `sort()` का नाही?" हा त्याचा प्रश्नही रास्त होता. चाळीस हजारांसाठी ते डोळ्याचे पाते लवण्याआधी झाले असते. शिवाय यादी आधीच क्रमाने असताना `a[20000]` वाचणे एवढेच काम उरले होते. तरी फंक्शन इतर अहवालांतही वापरले जात असल्यामुळे ते दुरुस्त करणे भाग होते.

पिव्हट मधल्या जागेवरून घेतला असता तर चढता क्रम निभावला असता, पण दुसरी एखादी मांडणी त्यालाही अडवू शकते. म्हणून विभागणीच्या आरंभी दोन ओळी घातल्या:

```python
r = random.randint(lo, hi)
a[r], a[hi] = a[hi], a[r]
```

यादृच्छिक पिव्हटने वाईट नशीब पूर्णपणे टळत नाही, मात्र ते एखाद्या ठरावीक मांडणीला बांधलेले राहत नाही. मध्यक क्षणात आला.

दुपारी मी सर्व रकान्यांवर फंक्शन चालवले, तेव्हा नुकताच जोडलेला जळीत उसाच्या कपातीचा रकाना पुन्हा अडकला. चाळीस हजारांपैकी पस्तीस हजार खेपांना कपात शून्य होती. `<=` मुळे पिव्हट शून्य असता बाकीचे सगळे शून्य डावीकडे जातात, पिव्हट त्यांच्या उजव्या टोकाला बसतो आणि शून्यांच्या ढिगातून पुन्हा एकेकच सुटतो. पिव्हट कोणताही निवडा, तो शून्यच असतो. हिशेब केला तर तुलना 41 कोटींच्या घरात जात होत्या. येथे पट्ट्याचे तीन भाग करावे लागतात: लहान, समान आणि मोठे. हवा असलेला क्रमांक समान भागात पडला, की काम तिथेच संपते. आठपैकी सात वेळा पहिलाच पिव्हट शून्य निघणार असल्याने बहुतेक वेळा एकाच फेरीत उत्तर मिळू लागले.

संध्याकाळी अहवाल गेला. कपातीच्या रकान्यात मध्यक म्हणून 0 पाहून शेती अधिकाऱ्यांनी लगेच फोन केला आणि कपात नसलेल्या खेपा वगळून तो आकडा पुन्हा काढायला सांगितला.