कानाची आकृती, उजवी बाजू: गुंता सुटला, पण पट्टीने नव्हे

कानाचा उभा छेद मागच्या अपडेटमध्ये रंगवून झाला होता. डावीकडची कर्णपाळी, कर्णनलिका आणि पडदा यांची नावं एका बैठकीत बसली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हातोडी, ऐरण आणि रिकीब यांच्या लीडर, म्हणजे भागापासून नावापर्यंत जाणाऱ्या रेघा, सरळ वर नेल्या. वर सगळं हाडच आहे, फिक्या रंगाचं, त्यामुळे रेघा छान उठून दिसतात. मग आली उजवी बाजू, आणि तिने आठवडा खाल्ला.

उजव्या रकान्यात पाच नावं हवी होती: अर्धवर्तुळाकार नलिका, श्रवण चेता, अंडाकार गवाक्ष, कॉक्लिया आणि युस्टेशियन नलिका. वरच्या उजव्या कोपऱ्यात डोक्याचं छोटं चित्र बसवलेलं आहे, म्हणून रकाना पानाच्या वरून ७० मिमीला सुरू होतो. पुढची नावं १५-१५ मिमी खाली.

नेहमीची सवय म्हणजे जो भाग चित्रात वर, त्याचं नाव रकान्यात वर. त्या हिशेबाने अर्धवर्तुळाकार नलिका पहिली आणि श्रवण चेता दुसरी. रेघा ओढल्या आणि दोघींची फुली झाली. आकडे बघा म्हणजे कारण कळेल. नलिकांचा ठिपका, म्हणजे रेघ त्या भागावर जिथे टेकते ती जागा, डावीकडून ९८ आणि वरून ३६ मिमीवर आहे, चेतेचा १३५ आणि ५२ वर, आणि नावांचा रकाना १५० वर. नलिकांची रेघ ७० च्या जागेकडे उतरत जाते आणि चेतेच्या उभ्या रेषेत पोचेपर्यंत साधारण ६० वर आलेली असते. म्हणजे चेतेचा ठिपका तिच्या वरच्या अंगाला राहतो, आणि त्याचं नाव मात्र खालच्या अंगाला. मग रेघ ओलांडल्याशिवाय जाणार कशी? ठिपका किती वर आहे एवढंच बघून भागत नाही, तो रकान्यापासून किती लांब आहे हेही धरावं लागतं.

दोन नावांची अदलाबदल केली की फुली सुटते. शिवाय दोन्ही रेघांची मिळून लांबी ९८ मिमीवरून ९५ वर येते. हा योगायोग नाही. फुली मारणाऱ्या दोन सरळ रेघांची टोकं बदलली की बेरीज नेहमी कमीच होते, कारण त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. म्हणून फुली दिसली की अदलाबदल करत राहा, हे चक्र कधीतरी थांबतंच, नावं लावायच्या रीती मोजक्याच असल्याने लांबी कायम कमी होत राहू शकत नाही. हे कळल्यावर मला भलतंच बरं वाटलं. इतके दिवस मी रेघा नुसत्या अंदाजाने हलवत होतो आणि एक सुटली की दुसरी अडकत होती.

अदलाबदलीपेक्षा झटपट रीत मात्र पट्टीची आहे. नावं न देता, फक्त ठिपके असलेली प्रत छापायची. रकान्यातल्या सगळ्यात वरच्या जागेवर पेन्सिलीचं टोक रोवायचं, पट्टी त्याला टेकवून उभी धरायची आणि हळूहळू चित्राकडे कलती करायची. पट्टीची कड ज्या ठिपक्याला आधी लागेल, ती जागा त्याची. तो ठिपका खोडायचा आणि खालच्या जागेवर पुन्हा तेच. बाकीचे सगळे ठिपके त्या रेघेच्या खालीच उरतात, त्यामुळे पुढची कुठलीही रेघ तिला छेदत नाही. माझा क्रम आला तो असा: चेता, अर्धवर्तुळाकार नलिका, कॉक्लिया, गवाक्ष, युस्टेशियन. उंचीच्या क्रमाने लावलं असतं तर दोन जोड्या उलट्या बसल्या असत्या. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्येही एका टोकाभोवती रेघ फिरवून हेच करता येतं, पण कागदावर हात जास्त चालतो. कनेक्टर टूलच्या नादी लागू नका. चौकटी जोडायला ते ठीक आहे, पण ते वस्तूचा मध्य पकडायला बघतं आणि आपल्याला हवी असते नेमकी एक कड.

एकही फुली नाही! छापलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं. माझ्या भाचीने बोट ठेवत विचारलं, "मामा, ही रेघ शंखाची का?" रेघ होती गवाक्षाची, पण जाता जाता शंखासारख्या दिसणाऱ्या कॉक्लियाच्या खालच्या वेढ्याला घासून गेली होती. नलिकांची रेघ तर कॉक्लियाचा माथा आणि चेता दोन्ही चिरत होती. पट्टी फक्त रेघांचा रेघांशी निकाल लावते, रेघ कुणाच्या अंगावरून जाते ते तिला दिसत नाही.

पहिला उपाय म्हणून रेघेखाली पांढरी किनार दिली (Ctrl+D, जाडी १.२ मिमी, रंग पांढरा, मग Page Down). रेघ स्पष्ट झाली, पण कॉक्लियाच्या मधून पांढरा चर गेला. नको ते.

मग हे लिहिता लिहिताच सुचलं की पाचही नावं उजवीकडे हवीत कशाला? रेघ न्यायची तर जिथे काहीच नाही तिथून. गवाक्षाच्या डावीकडे मध्यकर्णाची पोकळी आहे, नुसती हवा. गवाक्षाच्या डाव्या कडेवरून निघून पोकळीतून खाली, मग हाडातून थेट तळाला गेलं की वाटेत एकही नाव दिलेला भाग लागत नाही. युस्टेशियन नलिका त्याच पोकळीतून सुटते, पण उजवीकडे, म्हणून ती अंगाशी येत नाही. रिकिबीचं पाऊल गवाक्षावरच टेकलेलं असल्याने ठिपका पावलाच्या कडेबाहेर घ्यावा लागला, नाहीतर रिकिबीला दोन नावं लागल्यासारखं दिसतं. नलिका वरच्या ओळीत, रिकिबीच्या उजवीकडे गेल्या. 'अर्धवर्तुळाकार' लांबलचक असल्यामुळे तिथे दोन ओळी केल्या.

उजवीकडे आता तीनच नावं राहिली, म्हणून अंतर २० मिमी केलं. कॉक्लियाचा ठिपका मधून काढून उजव्या खालच्या वेढ्यावर घेतला. मोठ्या भागाचा ठिपका आपल्या सोयीने सरकवता येतो, बारक्याचा नाही. म्हणून यापुढे गवाक्षासारख्या बारक्या भागांची सोय आधी, मोठ्यांची उरलेल्या जागेत.

आता देवनागरीची एक खोड. श्रवण चेतेची लीडर रेघ नेमकी शिरोरेषेच्या उंचीला येऊन थांबली होती, त्यामुळे शिरोरेषाच चित्रात शिरल्यासारखी दिसत होती. लीडरचं टोक अक्षराच्या निम्म्या उंचीला, नावापासून २ मिमी अलीकडे थांबवलं आणि जाडी ०.२५ मिमी ठेवली. फाँट मुक्ता, रेग्युलर. बोल्डमध्ये तिची शिरोरेषा लीडरपेक्षा फारच जाड होते आणि नजर नावावरच अडकते. दोन ओळींच्या नावात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या भिडतात, म्हणून ओळींमधलं अंतर १.५ ठेवलंय.

डोक्याचं छोटं चित्र खाली डावीकडे हलवलं तर उजवा रकाना वर सरकेल आणि चेतेची रेघ जवळजवळ आडवी होईल. आज रात्री तेवढं करून बघतो. पुढचा नंबर मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनचा, आणि तिथे हेन्लेच्या वळशाच्या दोन्ही फांद्या एकमेकींना चिकटून असतात, म्हणजे रिकामी जागा आतूनच शोधावी लागणार.