नाडीचे ठोके हर्ट्‌झमध्ये मांडताना

लेकीला अकरावीच्या भौतिकशास्त्रासाठी स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी नाडीची वारंवारता हर्ट्‌झमध्ये काढायची होती. घरातलं कुणीतरी म्हणजे अर्थात मी. सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत शांत बसलो आणि मनगटावर तर्जनी व मधलं बोट ठेवलं. अंगठा ठेवायचा नाही, त्याची स्वतःचीच नाडी लागते आणि मोजणी फसते.

पंधरा सेकंदांत १७ ठोके. चारने गुणले, मिनिटाला ६८. आता हर्ट्‌झ. मी घाईत ६८ ला ६० ने गुणलं आणि ४०८० हर्ट्‌झ लिहून मोकळा झालो. लेक हसायला लागली, "बाबा, ही कर्कश शिट्टी झाली!" हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. मिनिटातले ठोके साठ सेकंदांत वाटले जातात, म्हणून भागायचं: ६८ ÷ ६० = १.१३ हर्ट्‌झ. बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात, म्हणजे उत्तर १ ते १.६७ च्या मधेच यायला हवं. एवढं डोक्यात असतं तर माझी फजिती टळली असती.

पण खरी गोम मोजणीत निघाली. घड्याळ मी एका ठोक्यावर सुरू केलं होतं आणि त्याच ठोक्याला "एक" म्हटलं होतं. वारंवारता काढायला ठोक्यांमधली अंतरं लागतात, आणि १७ ठोक्यांमध्ये ती १६ च. मग पहिल्या ठोक्याला "शून्य" म्हणायचं? तसं केलं की मिनिटाला ६४ येतात, म्हणजे १.०७ हर्ट्‌झ. पंधरा सेकंदांत एक ठोका इकडे-तिकडे झाला की मिनिटाला चारचा फरक पडतो. शिवाय पंधरा सेकंद नेमके ठोक्यावर संपत नाहीत, शेवटचं अर्धंमुर्धं अंतर हिशेबातून निसटतंच.

म्हणून उलटं केलं. वेळ ठरवण्याऐवजी ठोके ठरवले. पहिल्याला "शून्य" म्हणत मोबाइलचं स्टॉपवॉच चालू केलं, "वीस" म्हणताना बंद. पडद्यावर १८.२ सेकंद. २० ÷ १८.२ = १.०९९, म्हणजे जवळपास १.१ हर्ट्‌झ. इथे ६० चा संबंधच आला नाही. ताळा म्हणून ६० ने गुणलं, मिनिटाला ६६, बरोबर आधीच्या दोन उत्तरांच्या मध्ये.

लेकीला कॅल्क्युलेटरवरचे सगळे दशांश उतरवायचे होते. तेव्हा मी तिचं बोट माझ्या मनगटावर ठेवून सावकाश श्वास घेतला. आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात, तिलाही ते जाणवलं. झोपाळ्यासारखं एकसारखं आवर्तन हे नाहीच, आपण काढतो ती सरासरी. वहीत तिने १.१ हर्ट्‌झ लिहिलं, खाली आवर्तकाल ०.९१ सेकंद, आणि समासात बारीक अक्षरात "बाबांची शिट्टी: ४०८०".