शिक्का क्रमांक ३: नोंदणीकृत मृत्युपत्राच्या साक्षीचा दिवस

"साहेब, मृत्युपत्र रजिस्टर आहे. आता त्यात सिद्ध काय करायचं राहिलं?"

पक्षकाराने पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला दस्त त्याने टेबलावर ठेवला. आईने २०१२ साली केलेलं मृत्युपत्र, स्वतःच्या नावावरचं घर मुलाला, खाली आईची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि मागे दुय्यम निबंधक कार्यालयाचा गोषवारा, फोटो आणि अंगठ्यासह. आई गेल्यावर बहिणीने वाटपाचा दावा लावला. मृत्युपत्र खोटं आहे आणि ती सही आईची नाहीच, असं तिचं म्हणणं.

त्या दाव्यात मृत्युपत्राच्या साक्षीदाराची आणि दुय्यम निबंधकांची तपासणी एकाच दिवशी झाली. त्या दिवशी नोंदणीने काय दिलं आणि काय दिलं नाही, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आधी कायद्याची बाजू, कारण इथे फार मोठा गैरसमज आहे. नोंदणी अधिनियम १९०८ मध्ये कलम १७ ला सक्तीच्या दस्तांची यादी आहे, त्यात मृत्युपत्र नाही. ते कलम १८ मध्ये, ऐच्छिक दस्तांमध्ये येतं. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणीला मुदतही नाही. करणारी व्यक्ती गेल्यावरसुद्धा ज्याला त्या मृत्युपत्राखाली काही मिळतं तो ते नोंदवायला नेऊ शकतो, मात्र तेव्हा निबंधकाला आधी चौकशी करून खात्री करून घ्यावी लागते. शिवाय आज नोंदवलेलं मृत्युपत्र उद्या साध्या कागदावरच्या, पण रीतसर साक्षांकित केलेल्या नव्या मृत्युपत्राने रद्द होतं. शेवटचं कोणतं एवढंच पाहिलं जातं, रजिस्टर कोणतं हे नाही.

खरी अडचण पुराव्याच्या कायद्यात आहे. साक्षांकन लागणारा दस्त सिद्ध करायला साक्षीदारांपैकी किमान एकाला, तो हयात असेल तर, न्यायालयात आणावं लागतं. दस्त नोंदणीकृत असेल आणि तो करून दिल्याचं स्पष्टपणे नाकारलं गेलं नसेल, तर साक्षीदार आणायची गरज नाही अशी सवलत आहे. बक्षीसपत्राला ती मिळते. पण त्याच वाक्यात कायद्याने मृत्युपत्र वगळलं आहे. जुन्या पुरावा कायद्यातलं हे कलम ६८, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते ६७. आकडा बदलला, मृत्युपत्राचा अपवाद तसाच राहिला. म्हणजे नोंदणी कितीही पक्की असली तरी साक्षीदार पिंजऱ्यात यायलाच हवा. पक्षकाराला हे समजावायला मला तीन भेटी लागल्या आणि तरी त्याला ते पटलं नव्हतं.

आमचा एक साक्षीदार वारला होता. दुसरे शेजारचे, पोस्टातून निवृत्त झालेले काका. सरतपासणीच्या शपथपत्रात त्यांनी पक्षकाराच्या आईच्या, म्हणजे आजींच्या, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केल्याचं सांगितलं होतं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी फार थोडे प्रश्न विचारले.

"तुम्ही घरी गेलात तेव्हा मृत्युपत्रावर आजींची सही होती की व्हायची होती?"

"झालेली होती."

न्यायालयात क्षणभर शांतता पसरली. पक्षकार माझ्याकडे बघायला लागला. पण एवढ्याने मृत्युपत्र पडत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये दोन वाटा आहेत. साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझी सही" अशी कबुली करणाऱ्याने स्वतः त्याच्याजवळ दिलेली असावी. फेरतपासणीत मी तेवढंच विचारलं, की कागद पुढे करताना आजी काय म्हणाल्या. काकांनी सहज सांगितलं, "म्हणाल्या, मी सही केलीय, आता तुम्ही करा. त्यांच्यासमोरच केली मी." एक साक्षीदार पुरा झाला.

पुढचा प्रश्न समोरच्यांनी न्यायालयाची परवानगी घेऊन विचारला. दुसऱ्या साक्षीदाराने सही केली तेव्हा तुम्ही तिथे होतात का? काका प्रामाणिक माणूस. म्हणाले, "नाही. माझी सही झाली तेव्हा ती जागा रिकामी होती. मी निघून आलो."

कलम ६३ ला दोन साक्षीदार लागतात. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, पण प्रत्येकाची सही करणाऱ्याच्या समक्ष झालेली असली पाहिजे. न्यायालयात एकालाच बोलावलं तर त्याच्या तोंडून दुसऱ्याचं साक्षांकनही सिद्ध व्हावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये जानकी नारायण भोईर यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. तिथे दुसरा साक्षीदार हयात असून बोलावलाच नव्हता. आमचा वारलेला. हा फरक महत्त्वाचा आहे, पण त्याने भोक बुजत नाही.

म्हणून दुय्यम निबंधकांना समन्स काढलं होतं. करणारीने त्यांच्यापुढे कबुली दिली आणि त्यांनी तिच्या समक्ष सही केली, असं ते शपथेवर सांगतील तर त्यांनाच साक्षांकन करणारा साक्षीदार धरता येतं. या मुद्द्यावर निवाडे आहेत. आमची सगळी भिस्त तिथे होती.

ज्यांनी गोषवारा कधी नीट वाचला नसेल त्यांनी आपल्या घरातला कोणताही दस्त काढून शेवटची पानं पाहावीत. तिथे चार शिक्क्यांच्या वेळा असतात. पहिला सादरीकरणाचा, दुसरा फीचा, तिसरा कबुलीचा, चौथा ओळखीचा. आमच्या दस्तावर शिक्का क्रमांक ३ ची वेळ १२ वाजून ४१ मिनिटं, चौथ्याची १२:४३. कबुलीच्या ओळीत छापलेलं असतं की दस्तऐवज करून देणार "तथाकथीत" मृत्युपत्राचा दस्तऐवज करून दिल्याचं कबूल करतात. तथाकथीत. कागदात लिहिलेलं खरं आहे असं कार्यालय म्हणत नाही. समोर आलेल्या माणसाने तो आपला म्हटला, एवढंच नोंदवतं. चौथ्या शिक्क्याखाली दोघांच्या सह्या असतात, पण ते ओळख पटवणारे. आम्ही या बाईंना ओळखतो, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या दस्तावर ती दोन्ही मुलं बॉन्ड रायटरकडची होती, दिवसभर कार्यालयाबाहेर ओळखी देणारी. त्यांनी आजींना मृत्युपत्रावर सही करताना पाहिलं नव्हतं आणि आजींच्या सांगण्यावरून साक्षांकनही केलं नव्हतं. या पद्धतीला सगळेच सरावले आहेत आणि मला ती मनापासून खटकते. खरे साक्षीदार त्या दिवशी सोबत नेले असते तर अर्धा दावा तिथेच मिटला असता.

निवृत्त दुय्यम निबंधक आले. स्वतःची सही ओळखली. आजी आठवत नव्हत्या, आणि रोज इतके दस्त हाताळणाऱ्याला त्या आठवाव्यात अशी अपेक्षाही नव्हती. दस्त वाचून दाखवला होता का? "दस्त मृत्युपत्राचा आहे, मान्य आहे का, असं आम्ही विचारतो." हे उत्तर आमच्या कामाचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये राणी पूर्णिमा देवी यांच्या खटल्यात म्हटलं आहे की आपण मृत्युपत्र कबूल करत आहोत हे करणाऱ्याला नोंदणीच्या वेळी नीट कळलं असेल तर नोंदणीने संशय फिटतो, पण ती उरकल्यासारखी झाली असेल तर तिला फारशी किंमत नाही.

मग मी विचारलं, आपली सही आपण आजींच्या समक्ष केलीत का? ते थोडा वेळ थांबले आणि खरं तेच बोलले. "गोषवारा छापून आला की गठ्ठा माझ्याकडे येतो, तेव्हा सह्या करतो. पक्षकार तोपर्यंत बाहेर गेलेला असतो."

करणारीच्या समक्ष सही नाही, म्हणजे साक्षांकन नाही. दुसरा साक्षीदार उभा करण्याची ती वाट तिथेच बंद झाली.

मात्र त्याच साक्षीने बहिणीचा मूळ आक्षेप जवळजवळ संपवला. नोंदणी अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे नोंदणीच्या शेऱ्यात लिहिलेल्या घटना घडल्या याचा तो शेरा पुरावा असतो. आजी त्या दिवशी कार्यालयात होत्या, कॅमेऱ्यासमोर बसल्या, अंगठा दिला, कबुली दिली. खोट्या सहीची गोष्ट त्यापुढे टिकत नाही. मृत्युपत्र मागाहून कोणी बनवलं, तारीख मागची टाकली, पान बदललं, हे आरोपही गळतात. नोंदणीचं बळ इथे आहे आणि ते थोडं नाही. तिच्यामुळे माणूस आणि तारीख पक्की होते. साक्षांकनाची उणीव मात्र तिने आपोआप भरून निघत नाही.

वारलेल्या साक्षीदाराच्या मुलाने वडिलांची सही ओळखली आहे. ती काळ्या शाईत आहे. आजींची आणि काकांची सही एकाच निळ्या पेनाची. समोरच्या वकिलांनी युक्तिवादात त्या काळ्या शाईवर बराच वेळ घेतला, आणि त्यांच्या जागी मीही घेतला असता.

आता मी मृत्युपत्र करून देताना शेवटच्या पानावर करणाऱ्याच्या सहीनंतर एवढं लिहून घेतो: "वरील मृत्युपत्रावर यांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या." तिघं एकाच बैठकीत असतात. साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने बरेच लहान शोधतो, कारण त्यांना कधी पिंजऱ्यात यावं लागेल ते सांगता येत नाही. नोंदणीला ओळख द्यायलाही त्याच दोघांना नेतो. मागे न्यायालयात हे वाक्य वाचताना साक्षीदारांना तो दिवस आठवलेला मी पाहिला आहे.

निकाल राखून ठेवला आहे. माझ्या लेखी युक्तिवादातला शेवटचा मुद्दा दुय्यम निबंधक कार्यालयाच्या प्रतीवर आहे. त्या दिवशी कार्यालयाने दस्ताचं जे स्कॅनिंग केलं त्याची सत्यप्रत आम्ही दाखल केली आणि तिच्यात दोन्ही साक्षीदारांच्या सह्या दिसतात. म्हणजे आजी तो कागद घेऊन १२:४१ ला कबुलीला बसल्या तेव्हा काळ्या शाईची सही त्यावर होती आणि तोच कागद त्यांनी आपला म्हणून कबूल केला. त्यावरून ती सही त्यांच्या समक्ष झाली असं अनुमान न्यायालय काढेल की नाही, यावर सगळं अडलं आहे.