रविवारची अर्धशिशी

सोमवार ते शनिवार माझं डोकं बहुतेक शांत असायचं. रविवारी अकराच्या सुमारास उजव्या डोळ्यामागे ठणके सुरू व्हायचे, आणि मग पडदे ओढून संध्याकाळपर्यंत पडून राहायचं. शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा सहन व्हायची नाही. सुट्टीच्या दिवशीच का दुखतं, हे मी न्यूरॉलॉजिस्टबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी एक वही करा. झोप, उठणं, चहा, जेवण, दुखणं, गोळी, सगळं वेळेसकट लिहा."

दोन महिन्यांनी उत्तर वहीतच सापडलं. एका रविवारचं पान असं होतं: रात्री एकला झोपले, साडेनऊला उठले, पहिला चहा दहाला, नाश्ता नाही, जेवण दोनला. एरवी माझा चहा साडेसहाला आणि पोळीभाजी आठला होते. म्हणजे चहा साडेतीन तास लांबला आणि पोटात अन्न जायला सहा तास उशीर झाला.

बाईंनी समजावलं ते असं. तोच प्रकाश किंवा आवाज पुन्हा पुन्हा आला की इतरांच्या मेंदूचा प्रतिसाद हळूहळू कमी होतो. मायग्रेन असलेल्यांच्या मेंदूत दोन झटक्यांच्या मधल्या काळात बऱ्याचदा तसं होत नाही. त्यात झोप आणि भूक सांभाळणारा हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग दुखणं सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधीच जास्त सक्रिय झालेला दिसतो. जांभया, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. मी वर्षानुवर्षं शनिवारच्या जिलबीला दोष देत होते. खरं तर जिलबी खावीशी वाटली तेव्हाच झटका सुरू झालेला असायचा!

मग सातही दिवस साडेसहाला उठायचं ठरवलं. रात्री उशीर झालाच, तरी सकाळी फार तर अर्धा तास जास्त. गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढायचा मोह पहिले तीन रविवार फार झाला. चहा ठरल्या वेळी, त्याचे कपही तेवढेच, आणि चार तासांहून जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. पर्समध्ये शेंगदाण्याचा लाडू असतो. संकष्टीचा निर्जळी उपास सोडला, हे सासूबाईंना सांगणं मला सगळ्यात जड गेलं. त्यांनीच सकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध पुढे केलं.

पहिल्या महिन्यात काही फरक पडला नाही. चौथ्या महिन्यात सातऐवजी तीनदाच दुखलं. पाळीच्या आदल्या दिवशीचं दुखणं मात्र कायम आहे. त्यासाठी दिलेली ट्रिप्टानची गोळी ठणके वाढायच्या आत घेते. महिन्यात दहा किंवा जास्त दिवस ती घेत राहिलं, की काही महिन्यांनी गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. म्हणून गोळीचे दिवस वहीत लाल पेनाने लिहिते. या महिन्यात तीन झालेत.