फोटोतला पत्ता

"मावशी, हा फोटो पाठवू नका. यात तुमचं घर आहे."

भाची माझ्या फोनवर बोट वर सरकवून बसली होती. फोटो लेकीच्या जुन्या सायकलचा, मागे नुसती भिंत. घर कुठे दिसतंय?

तिने खालचा तपशील दाखवला. फोनचं मॉडेल, तारीख, दुपारी ४:१२, आणि खाली नकाशा. नकाशावरची खूण थेट आमच्या इमारतीवर!

सायकल घेणाऱ्या अनोळखी माणसाने म्हटलं होतं, "फोटो अंधुक येतोय, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही जागेची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी जाते, नकाशासकट. ईमेलचंही तसंच.

मला खरी भीती वाटली ती वेळेची. सायकलचे असे चार फोटो होते, चारही लेकीनेच काढलेले, वेगवेगळ्या दिवशी, सगळे दुपारी चारच्या सुमारास. त्या वेळी ती घरी एकटी असते.

भाचीने कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून लोकेशन बंद केलं. पण आधीच्या फोटोंतली जागा त्याने पुसली जात नाही. म्हणून सायकलच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवला. त्यात ती जागा येत नाही. आयफोनवर शेअर करताना वर Options मध्ये Location बंद करता येतं.

गेल्या वर्षी कपाट विकलं, तेव्हा फोटो कसे पाठवले होते? रात्रभर तेच आठवतेय.